शिंग कातडीचं, किंमत अफवेची

२२ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक गेंडा दिनी, आसाममधल्या बोकाखाट या गावी २,४७९ शिंगं जाळण्यात आली. काझीरंगाच्या कुशीतलं हे छोटं गाव. नैसर्गिकरीत्या मेलेल्या गेंड्यांची आणि शिकाऱ्यांकडून पकडलेली शिंगं राज्यभरातल्या सरकारी कोषागारांत अनेक दशकं कुलूपबंद पडून होती. त्यांतलं प्रत्येक शिंग बाहेर काढून तपासलं गेलं, मोजलं, वजन केलं, डीएनएसाठी नमुना घेतला. एकूण २,६२३ शिंगांपैकी ९४ ठेवा म्हणून जपण्यासाठी बाजूला काढली आणि ५० न्यायालयातल्या खटल्यांसाठी राखून ठेवली. उरलेली भट्ट्यांमध्ये गेली. सर्वांत लांब शिंग ५१.५ सेंटिमीटर भरलं होतं.

काळ्या बाजारात या मालाला प्रचंड भाव आला असता. मग विकून ते पैसे गेंड्यांसाठीच का वापरले नाहीत, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. भारतीय कायद्यात या व्यापाराला जागाच नाही, हे त्याचं सोपं उत्तर. त्यापलीकडचं उत्तर हवं असेल, तर शिंग मुळात काय आहे आणि त्याला भाव कशामुळे येतो, हे पाहावं लागतं.

गाय, म्हैस, गवा यांच्या शिंगात आत हाड असतं. कवटीतून हाडाचा खुंट वर येतो आणि त्यावर कठीण आवरण चढतं, म्हणून म्हशीचं शिंग बुंध्याशी पोकळ दिसतं. गेंड्याच्या शिंगात हाड नाही. नाकाच्या हाडावर एक खडबडीत उंचवटा असतो, त्यावर कातडी आणि त्या कातडीतून शिंग उगवतं. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी सतत नव्याने तयार होतात, केराटिन या प्रथिनाने भरतात, मरतात आणि खालून येणाऱ्या नव्या पेशींमुळे वर ढकलल्या जातात. आपली नखं आणि केस याच पदार्थाचे आणि याच रीतीने वाढतात.

शिंगाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर हजारो बारीक नळ्या एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. प्रत्येक नळी कातडीतल्या एकेका सूक्ष्म उंचवट्याभोवती घडते आणि नळ्यांमधली जागाही केराटिननेच भरलेली असते. शिंग म्हणजे एकत्र चिकटलेले केस, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते अगदी काटेकोर नाही. केसांसारखी मुळं तिथे नसतात. पदार्थ मात्र तोच.

मग ते टोकदार कसं होतं? अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये आफ्रिकेतल्या पांढऱ्या गेंड्यांची शिंगं सीटी स्कॅनखाली तपासली. शिंगाच्या गाभ्यात कॅल्शियमचे आणि मेलॅनिनचे थर जास्त असल्याचं त्यांना आढळलं. कॅल्शियममुळे गाभा कठीण होतो, मेलॅनिन त्याला उन्हापासून वाचवतं. बाहेरचा भाग त्या मानाने मऊ असल्यामुळे उन्हाने आणि घासण्याने झिजतो आणि पेन्सिलला टोक काढल्यासारखा आतला कठीण गाभा पुढे राहतो.

वाढ फक्त बुंध्याशी होत असल्यामुळे शिंगाचं टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग असतो. भारतीय गेंड्याचं पिल्लू शिंगाविना जन्मतं. नंतर नर असो वा मादी, दोघांनाही एकच शिंग येतं. झुंजीत भारतीय गेंडा शिंगापेक्षा खालच्या जबड्यातल्या सुळ्यांसारख्या दातांचा वापर अधिक करतो. झुंजीत शिंग मोडलं किंवा निखळलं, तरी कातडीतला वाढीचा थर शाबूत असेल तर ते पुन्हा उगवतं. म्हणजे शिंग मिळवण्यासाठी गेंड्याला मारण्याची गरज नसते. तरीही शिकारी त्याला मारतात. अंधारात, मिनिटांच्या हिशेबाने, टनाहून अधिक वजनाच्या प्राण्यासमोर हे काम करायचं असतं. शिवाय माल वजनावर विकला जातो. म्हणून शिंग कुऱ्हाडीने मुळापासून, कातडीसकट खोदून काढलं जातं. कित्येकदा प्राणी तेव्हा जिवंत असतो.

हा माल जातो कुठे? शिंग कामोत्तेजक आहे, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे; पण पूर्व आशियातल्या मागणीमागचं ते मुख्य कारण नाही. चिनी पारंपरिक वैद्यकात ते तापासाठी आणि अंगातली उष्णता उतरवण्यासाठी दिलं जाई. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी १९९०च्या सुमारास उंदरांवर त्याची चाचणी घेतली. माणसाला देत असत त्याच्या कितीतरी पट मात्रेत अर्क टोचल्यावर ताप थोडासा उतरला. म्हशीच्या शिंगाच्या अर्कानेही तसाच परिणाम दिसला. चीनने १९९३ मध्ये गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारावर बंदी घालून ते अधिकृत औषधांच्या यादीतून काढलं आणि वैद्य म्हशीचं शिंग वापरू लागले. जुन्या वैद्यकाच्या चौकटीतसुद्धा गेंड्यावाचून अडत नाही, हे तिथेच स्पष्ट झालं होतं.

ताप उतरवणाऱ्या साध्या गोळ्या जगभर मिळू लागल्यावर ही मागणी विझायला हवी होती. ती विझली नाही, कारण एका नव्या अफवेने तिला हवा दिली. २००० नंतरच्या दशकात व्हिएतनाममध्ये अशी वदंता पसरली, की एका राजकारण्याचा कॅन्सर शिंगाच्या चूर्णाने बरा झाला. तो माणूस कोण, आजार कोणता, तपासलं कोणी, याचा पत्ता कधीच लागला नाही. कॅन्सरग्रस्त घरातलं हतबल माणूस मात्र पुरावा मागत बसत नाही. त्याच सुमारास नवश्रीमंत व्हिएतनामी वर्तुळात शिंग ही प्रतिष्ठेची भेटवस्तू झाली. मेजवानीनंतरची नशा उतरवायलाही त्याचं चूर्ण पाण्यात घोळून पिऊ लागले. परिणाम हजारो मैलांवर, दक्षिण आफ्रिकेत दिसला. तिथे २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते. २०१४ मध्ये १,२१५. खुद्द व्हिएतनाममधला शेवटचा जावन गेंडा २०१० मध्ये गोळी लागून मेलेला सापडला, शिंग कापलेल्या अवस्थेत.

बोकाखाटच्या आगीचा अर्थ इथे लागतो. शासनाने साठा विकायला काढला, तर शिंगात काहीतरी गुण आहे असं शासनच म्हटल्यासारखं होतं. साठा ठेवला, तरी तो कधीतरी बाजारात येईल ही आशा व्यापाऱ्याला राहते. आणि कोषागारातून शिंग चोरीला जाण्याची भीती असतेच. नुसत्या जाळण्याने शिकार थांबत नाही, हेही खरं. काझीरंगात ती कमी झाली, ती वेगळ्या कामांमुळे.

२०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी काझीरंगात पंचवीसहून अधिक गेंडे शिकाऱ्यांनी मारले. सर्वसाधारण पद्धत अशी: बाहेरून बंदूकधारी येतो, वाट दाखवायला उद्यानाच्या सीमेवरच्या गावातला माणूस मिळतो आणि चांदण्या रात्री उंच हत्तीघासातून टोळी आत शिरते. शिंग काही तासांत बाहेर पडतं, नागालँडमधल्या दिमापूरला, तिथून मणिपूरमार्गे म्यानमारला. वाट दाखवणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम अंतिम किमतीच्या मानाने क्षुल्लक असते. पण पुरात शेत गेलेल्या घराला ती मोठी वाटते.

उद्यानात दोनशेहून अधिक चौक्या आहेत. पाणथळीच्या काठाला खांबांवर उभ्या केलेल्या या चौक्यांतून वनरक्षक दिवसरात्र गस्त घालतात, बऱ्याचदा पायी. वाघ, रानरेडे, हत्ती आणि खुद्द गेंडे, सगळ्यांशी गाठ असते. त्यांच्या जोडीला मागाचे कुत्रे आणि उष्णतेवरून हालचाल टिपणारे कॅमेरे आले. पण शिकार खरी घटली ती पोलीस आणि वनखातं एकत्र काम करू लागल्यावर. २०२१ मध्ये राज्याने पोलिसांच्या नेतृत्वाखाली विशेष कृती दल नेमलं आणि भर आला तो टोळी जंगलात शिरण्याआधीच दलाल आणि वाटाडे पकडण्यावर. २०२२ मध्ये संपूर्ण आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. १९७७नंतर असं वर्ष प्रथमच उजाडलं. त्याच वर्षीच्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे भरले.

या यशाची एक बाजू झाकून ठेवू नये. २०१० मध्ये राज्याने वनरक्षकांना शस्त्र वापरल्याबद्दलच्या कारवाईपासून मोठं संरक्षण दिलं. संशयित म्हणून मारली गेलेली सगळीच माणसं शिकारी होती का, हा प्रश्न सीमेवरच्या गावांनी वारंवार विचारला आहे. २०१६ मध्ये एका सात वर्षांच्या मुलाला वनरक्षकाची गोळी लागून कायमची इजा झाली. टोळीची खबर याच गावांतून येते. ती गावं दुरावली, तर गस्तीने किती साधेल?

पकडलेला आरोपी शिक्षेपर्यंत पोचवायला शिंगाची घडणच मदत करते. केराटिनच्या पेशींमध्ये गेंड्याचा डीएनए टिकून राहतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत भारतीय गेंड्यांच्या डीएनएची सूची तयार होत आहे. दिमापूरला पकडलेलं शिंग आणि उद्यानातलं कलेवर एकाच प्राण्याचं आहे, हे त्यातून न्यायालयात सिद्ध करता येतं. म्हशीच्या शिंगापासून कोरलेला बनावट मालही त्यातून लगेच उघडा पडतो.

दक्षिण आफ्रिकेत आणखी एक उपाय झाला: गेंड्याला भूल देऊन वाढीच्या थराच्या वर शिंग करवतीने कापायचं. नखासारखंच, वेदना होत नाही. क्रूगर परिसरातल्या अभयारण्यांत त्यामुळे शिकार ७८ टक्क्यांनी घटल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण शिंग पुन्हा वाढतं, दर दीड-दोन वर्षांनी भूल द्यावी लागते आणि उरलेल्या खुंटासाठीही काही गेंडे मारले जातातच. काझीरंगाच्या दलदलीत आणि उंच गवतात अडीच हजार गेंड्यांवर हे करणं व्यवहारात बसत नाही.

तिथे वेगळंच संकट दर पावसाळ्यात येतं. ब्रह्मपुत्रेच्या पुराने उद्यानाचा मोठा भाग पाण्याखाली जातो आणि गेंडे महामार्ग ओलांडून दक्षिणेच्या कार्बी आंगलाँग टेकड्यांकडे निघतात. उद्यानाच्या संरक्षणाबाहेर पडलेला, थकलेला गेंडा शिकाऱ्याला आयता सापडतो. म्हणून उद्यानाच्या आतच मातीचे उंच भराव घालण्यात आले आहेत आणि पुराच्या दिवसांत महामार्गावर गाड्यांच्या वेगावर मर्यादा येते. आईविना राहिलेली पिल्लं पानबारीच्या बचाव केंद्रात दूध पाजून वाढवली जातात.

यांतली काही पिल्लं मोठी झाल्यावर मानसला गेली. भूतानच्या सीमेवरच्या मानस उद्यानात १९९०च्या आसपास शंभरेक गेंडे होते. बोडो आंदोलनाच्या अशांत वर्षांत चौक्या उद्ध्वस्त झाल्या, गस्त बंद पडली आणि एकही गेंडा उरला नाही. शांतता आल्यावर २००६ पासून पानबारीची पिल्लं आणि २००८ पासून पोबितोरा व काझीरंगातले प्रौढ गेंडे तिथे नेण्यात आले. आणलेल्यांपैकी काहींची पुन्हा शिकार झाली, तरी काम थांबवलं गेलं नाही. आज मानसमध्ये चाळीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेंडे आहेत आणि त्यांतले बरेचसे तिथेच जन्मलेले आहेत.