अनुदान, मान्यता आणि हातात पडणारा पगार

मे-जून महिन्यांत जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत शाळांच्या जाहिराती येतात. ‘विज्ञान शिक्षक पाहिजे, बी.एस्सी. बी.एड., वेतन शासकीय नियमानुसार.’ एवढ्या ओळीवर भरवसा ठेवून कर्ज काढणारी, शेत विकून संस्थेला पैसे देणारी कुटुंबे ग्रामीण महाराष्ट्रात आहेत. अशी जाहिरात हातात आली की आधी काय पाहायचे, ते उमेदवाराला कोणी सांगत नाही.

पहिला प्रश्न: ही जागा कोणत्या वर्गांसाठी मंजूर आहे? पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, लागते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दीडशेपैकी खुल्या वर्गाला 90 गुण मिळवावे लागतात. नववी-दहावीच्या जागेला टीईटीची अट नाही. त्यामुळे ‘हायस्कूलची जागा आहे, टीईटी नको’ हे वाक्य कधी खरे असते, कधी फसवे. जागा सहावी ते आठवीच्या गटातली निघाली आणि पेपर दोन नसला, तर वैयक्तिक मान्यता अडते. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितले. ‘नंतर बघू’ म्हणण्याचे दिवस संपले आहेत.

दुसरा प्रश्न अनुदानाचा. अनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतली भरती पवित्र पोर्टलवरून होते. त्यासाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, द्यावी लागते, आणि त्या गुणांवरून संस्थेकडे मुलाखतीला नावे जातात. टेट वेगळी आणि टीईटी वेगळी. नावे सारखी वाटल्यामुळे अनेकांचा घोळ होतो. अल्पसंख्याक संस्था सोडल्या, तर ‘अनुदानित जागा आहे, पोर्टलची गरज नाही, थेट ऑर्डर देतो’ असे कोणी म्हणाले की उठून यावे.

आता वरची जाहिरात समोर धरून हिशेब करू. समजा जागा नववी-दहावीची आणि शंभर टक्के अनुदानित आहे. पोर्टलवरून निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा 18,000 रुपये मानधन मिळते. त्यानंतर वेतनश्रेणी लागू होते आणि मूळ वेतन 38,600 पासून सुरू होते. इथवर ‘नियमानुसार’ खरे आहे. पण तीच तुकडी 40 टक्के अनुदानावर असेल, तर श्रेणी लागल्यावरही मूळ वेतनापैकी 15,440 रुपयेच शासनाकडून येतात. उरलेली रक्कम संस्थेने द्यायची, आणि बहुतेक संस्था ती देत नाहीत. शाळेच्या पाटीवर ‘अनुदानित’ लिहिलेले असले, तरी एकाच शाळेत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. म्हणून शाळेचे नव्हे, आपल्या पदाचे अनुदान विचारावे आणि संचमान्यतेची प्रत पाहायला मागावी. प्रत दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे.

‘आधी विनाअनुदानितवर या, दोन वर्षांत अनुदानितवर बदली करू’ हे आमिष सर्वांत जुने आहे. अशा जागेवर दहा-पंधरा वर्षे घालवून आजही शिकवण्या घेऊन घर चालवणारे शिक्षक गावोगाव आहेत. मागची तारीख टाकलेली ऑर्डर तर अजिबात घेऊ नये. नागपूर विभागातल्या बोगस शालार्थ आयडी प्रकरणात पोलीस चौकशी शिक्षकांपर्यंतही पोहोचली. शालार्थ आयडीशिवाय अनुदानित पदाचा पगार निघत नाही, म्हणूनच तो पैसे उकळण्याचा नाका झाला.

विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत फसवणूक वेगळी असते. कागदावर पूर्ण पगार, खात्यातही पूर्ण जमा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला मोठा हिस्सा रोखीने परत. त्यासाठी रुजू होतानाच सही केलेले कोरे चेक किंवा एटीएम कार्ड मागून घेतात. मुलाखतीनंतर आवारातून बाहेर पडण्याआधी तिथल्याच एखाद्या शिक्षिकेला बाजूला घेऊन विचारावे, ‘मॅडम, हातात किती पडतात? सुट्टीतले पगार मिळतात का?’ उत्तराआधी त्या इकडेतिकडे पाहू लागल्या, तर समजायचे ते समजावे.

नेमणुकीचे पत्र अनुसूची ‘ड’च्या नमुन्यात लेखी घ्यावे. त्यात पद, वेतनश्रेणी आणि नेमणुकीचा प्रकार लिहिलेला असावा. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे ठेवू नयेत, छायांकित प्रती द्याव्यात. अनुदानित शाळेत नोकरीसाठी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. आणि कामावरून काढले, तर 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील करायला फक्त 30 दिवस असतात. संस्थाचालकांच्या ‘थांबा, मार्ग काढू’ या शब्दावर ते दिवस घालवू नका.