‘उठो’ की ‘उठताच’?

लॅटिन बायबलातले ६७वे स्तोत्र मराठीत ६८वे आहे. त्याचे पहिलेच क्रियापद ‘एक्सुर्गात’ हे इच्छार्थी आहे, म्हणून मराठीत ‘देव उठो’. ‘उठेल’ लिहिले तर प्रार्थनेचे भाकीत होते. शत्रूंसाठीही ‘पांगोत’, ‘पळोत’ हवे. ‘पांगू दे’मध्ये परवानगीची छटा डोकावते.

हेच कुणी ‘एक्सुर्गेन्ते देओ’ असे लिहिले, तर नाम आणि कृदन्त दोन्ही पंचमीत येतात. ही स्वतंत्र पंचमी, आपल्या संस्कृतातल्या सतिसप्तमीची बहीण. तिचा अर्थ ‘देव उठला असता’ किंवा ‘उठताच’. इथे मागणे संपते, प्रसंग उरतो. ओळीतले ‘आ फाचिए’ पंचमीतच आहे, पण शब्दयोगी अव्ययामुळे, म्हणून त्याचे भाषांतर साधे ‘समोरून’. ‘असता’ तिथे घुसवू नका.