कांद्याच्या जागी बटाटा

संशोधन लेखाचा पहिला परिच्छेद बऱ्याचदा असा असतो:

"कांदा हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे. साठवणुकीत ४० टक्के कांदा नष्ट होतो आणि कोट्यवधी शेतकरी देशोधडीला लागतात. या गंभीर समस्येकडे आजवर कोणीही लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही सेन्सरवर आधारित क्रांतिकारी प्रणाली सादर करत असून ती कांदा साठवणुकीचे चित्र पालटून टाकेल."

हा मसुदा मीच बेतला आहे, पण असे मसुदे ज्यांच्या हातून जातात त्यांना तो ओळखीचा वाटेल. आता असं धरू, की या लेखामागचं प्रत्यक्ष काम इतकंच आहे: नाशिक जिल्ह्यातली एक कांदाचाळ, एक हंगाम आणि ढिगात तीन पातळ्यांवर ठेवलेले तापमान-आर्द्रतेचे सेन्सर. काम चांगलं आहे. तरीही परिच्छेद वाचून ते काम डोळ्यांसमोर येत नाही.

का येत नाही, हे कळायला एक गंमत करून बघा. परिच्छेदात 'कांदा' काढून 'बटाटा' घाला. सगळं तसंच्या तसं चालतं! टोमॅटो घाला, द्राक्षं घाला, तरीही चालतं. चार वाक्यं लिहून झाली आणि त्यांतलं एकही कांद्याबद्दल नाही. आता दुसरी परीक्षा, वाक्य उलटं करायची: "कांदा महत्त्वाचा नाही." असं कोण म्हणणार आहे? ज्या वाक्याशी वाद घालायला माणूसच सापडत नाही, ते खोडलं तर वाचकाचं काहीच जात नाही. पहिलं वाक्य गेलं.

दुसऱ्या वाक्यातला आकडा मात्र फेकून द्यायचा नाही, उघडून बघायचा. असे आकडे सर्रास फिरतात, पण ४० टक्के म्हणजे कशाचे? चाळीत कांदा तीन वेगवेगळ्या वाटांनी कमी होतो. त्यातलं पाणी उडून वजन घटतं, तो सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. वजनातली घट उष्ण, कोरड्या हवेत जास्त. सड दमट हवेत जास्त. कोंबांचं तर आणखी निराळं: साधारण १० ते २० अंशांच्या मधल्या गारव्यात ते जोमाने येतात, शून्याच्या आसपास दबतात आणि २५-३० अंशांच्या उबेतही दबतात. म्हणून तर उन्हाळ्यात काढलेला कांदा शीतगृहाशिवाय, नुसत्या हवेशीर चाळीत टिकतो. एकाच कांद्याचे हे तीन शत्रू, आणि एकाला रोखावं तर दुसऱ्याला वाट मिळते. 'नष्ट होतो' या एका क्रियापदाने हे सगळं झाकून टाकलं होतं. सुकून हलका झालेला कांदा बाजारात विकला जातो, सडलेला जात नाही. दोघांना एका टक्क्यात कोंबलं, की सेन्सरने नक्की काय हेरायचं आहे हेच कळेनासं होतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते इथे. दावा लहान करायला बसलो आणि प्रश्न मोठा, निदान खोल झाला.

तिसरं वाक्य सगळ्यात धोक्याचं. "आजवर कोणीही लक्ष दिलेले नाही" हे सिद्ध करायला जगातला प्रत्येक लेख वाचावा लागेल, आणि खोडायला एक पुरेसा आहे. त्यात ज्याने लक्ष दिलंय नेमका तोच माणूस तुमचा लेख तपासायला बसलेला असण्याची शक्यता दांडगी. खरी गोष्ट बहुधा अशी असते: कांदा साठवणुकीवर भरपूर लिहिलं गेलंय, पण एका ठिकाणी फट आहे. समजा, आपल्या संघाने वाचलेल्या लेखांत तापमान आणि आर्द्रता चाळीतल्या हवेत मोजली आहे. ढीग असतो चार-पाच फूट उंच. त्याच्या पोटात काय चाललंय, ते दाराजवळ टांगलेल्या सेन्सरला कळत नाही. फट ही. ती इतकी अरुंद असल्यामुळेच तिच्यात बोट घालून दाखवता येते.

जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने संशोधन लेखांच्या प्रस्तावना तपासून १९९० च्या पुस्तकात याचाच नकाशा काढला: आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली रिकामी जागा आणि मग त्या जागेत आपण कुठे बसतो ते. फुगवलेल्या परिच्छेदात पहिलीच पायरी सगळी जागा खाऊन बसते. मधली पायरी, जिच्यावर लेखाचा खरा भार असतो, ती एका 'कोणीही नाही'त उरकली जाते.

आता परिच्छेद नव्याने लिहू:

"नाशिक जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत निघालेला उन्हाळ कांदा चाळीत चार ते पाच महिने ठेवला जातो. या काळात वजनातील घट, सड आणि कोंब अशा तीन प्रकारांनी नुकसान होते. त्यांपैकी सड दमट हवेत वाढते. आम्ही पाहिलेल्या अभ्यासांत तापमान व आर्द्रता चाळीतील हवेत मोजलेली आहे. ढिगाच्या आत ती किती वेगळी असते, याची नोंद त्यांत आढळली नाही. चाळ कधी फोडायची हे ठरवताना ढिगाच्या आतील स्थिती कळणे उपयोगी ठरू शकते. प्रस्तुत लेखात एका चाळीत, एका हंगामात, ढिगातील तीन पातळ्यांवर घेतलेल्या नोंदी मांडल्या आहेत."

यात बटाटा घालून बघा. पहिल्याच वाक्यात अडकाल.

'ठरू शकते' एकदाच आलंय, तेही मुद्दाम. नम्रपणाचाही अतिरेक होतो. "कदाचित काही अंशी उपयोगी ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही" असं लिहिणारा जबाबदारी टाळत असतो. शंका जिथे आहे तिथेच ठेवायची. कांदा चाळीत राहतो याबद्दल शंका नाही, तिथे 'कदाचित' नको.

फुगवण्याची ही सवय वाढते आहे, आणि ती मोजलेलीही आहे. नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी १९७४ ते २०१४ या काळातले वैद्यकीय लेखांचे सारांश चाळले. 'अभिनव', 'अभूतपूर्व' अशा अर्थाचे कौतुकाचे शब्द असलेले सारांश सुरुवातीच्या वर्षांत २ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १७.५ टक्क्यांवर गेले. हाच वेग राहिला तर २१२३ पर्यंत प्रत्येक सारांशात 'अभिनव' असेल, असा मिश्कील हिशेबही त्यांनी मांडला.

याच्या शेजारी १९५३ सालचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख ठेवा. 'नेचर'मध्ये जेमतेम पानभर. डीएनएची दुहेरी गुंफण जगाला सांगणारा हा लेख सुरू होतो तो एका क्षाराची रचना सुचवण्याच्या इच्छेने, आणि त्या रचनेत जीवशास्त्राच्या दृष्टीने बऱ्यापैकी रस घेण्याजोगं काही आहे, एवढंच पुढे म्हणतो. आनुवंशिकतेचं गूढ, जीवनाचं रहस्य, काही नाही. ही रचना स्वतःची नक्कल कशी करत असेल याचा उल्लेख पार शेवटाकडे, एका वाक्यात, तोही 'आमच्या नजरेतून सुटलेलं नाही' अशा आडवळणाने. क्रिकला याबद्दल जास्त लिहायचं होतं, पण रचनाच चुकीची निघाली तर, ही धास्ती वॉटसनला होती. ते वाक्य म्हणजे दोघांमधली तडजोड.

आपल्या कांद्याच्या लेखात असलं काही दडलेलं नाही, मान्य. नवा परिच्छेद वाचून लिहिणाऱ्याचा चेहराही थोडा पडतो: "हे फारच छोटं दिसतंय हो." छोटं आहेच. पण पहिला मसुदा वाचून तपासनीस विचारणार होता, "४० टक्के कुठून आणले?" आणि "क्रांती कुठे आहे?" आता तो विचारतो, "तीनच पातळ्या का? भिंतीलगत आणि मधोमध फरक पडला का?" या प्रश्नांची उत्तरं मात्र संघाच्या वहीत आहेत.