दारावरचा दिवा जरा बाजूला

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी पंखवाली वाळवी दारावरच्या पांढऱ्या दिव्याभोवती घोंगावते आणि सकाळी उंबऱ्यावर पंखांचा खच दिसतो. किड्यांच्या डोळ्यांना निळा आणि अतिनील प्रकाश ठळक दिसतो, पिवळा फिका. म्हणून तिथे पिवळा किंवा 2700 केल्विनचा एलईडी लावा. तोही चौकटीवर नको. 8-10 फुटांवरच्या खांबावरून उजेड दाराकडे पाडा, म्हणजे बरेचसे किडे खांबापाशीच घुटमळतील. दार उघडण्याआधी आतला दिवा मालवा आणि आत येताच दार लावून घ्या. पिवळ्या दिव्याने किडे कमी येतात, पण पळून जात नाहीत. डास तर आपल्या श्वासाच्या मागावर येतात. त्यांच्यासाठी खिडकीला जाळीच हवी.