सीझरचे दोन पूल आणि लॅटिनमधला हेतू

इ.स.पूर्व 58 मध्ये ज्युलियस सीझरने जिनेव्हाजवळचा ऱ्होन नदीवरचा पूल तोडायला लावला, कारण हेल्वेती लोक तिथून रोमन प्रांतात शिरू पाहत होते. तीन वर्षांनी त्यानेच ऱ्हाइन नदीवर सैन्य पलीकडे नेण्यासाठी नवा लाकडी पूल उभारला. लॅटिनमध्ये हेतू कसा सांगतात, हे समजून घ्यायला या दोन पुलांवर रचलेली दोन साधी वाक्यं पुरेशी आहेत.

दुसरा पूल आधी घेऊ. 'काएसर पोन्तेम फेकित उत् कोपिआस त्रादूकेरेत.' 'पोन्तेम' म्हणजे पूल, 'फेकित' म्हणजे बांधला, 'कोपिआस' म्हणजे सैन्य. 'उत्' आला की पुढच्या क्रियापदाकडे पाहायचं. 'नेतो' या साध्या विधानाला लॅटिनमध्ये 'त्रादूकित' म्हणतात. इथे मात्र 'त्रादूकेरेत' आहे, म्हणजे सब्जंक्टिव्ह. सैन्य प्रत्यक्ष पार गेलं की नाही, याबद्दल हे रूप काहीच सांगत नाही. सीझरच्या मनात काय होतं, एवढंच ते सांगतं. भाषांतर होईल: 'सैन्य पलीकडे नेता यावं म्हणून सीझरने पूल बांधला.'

मराठीतही नेमकं हेच घडतं. 'पूल तुटला म्हणून' हे कारण झालं, तर 'पूल तुटावा म्हणून' हा हेतू. 'म्हणून' दोन्हीकडे तोच आहे. फरक आहे तो क्रियापदाच्या 'वा'मुळे, म्हणजे विध्यर्थामुळे. त्यामुळे मराठी माणसाने इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीतूनच लॅटिनमध्ये शिरावं, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीतल्या 'टू'ची सवय लागलेला विद्यार्थी इथे 'त्रादूकेरे' हे धातुरूप लिहून मोकळा होतो आणि चुकतो, कारण लॅटिन गद्यात हेतूसाठी ते रूप चालत नाही. उलट लॅटिनमधून मराठीत येताना दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकच असेल, तर 'सैन्य पार नेण्यासाठी' असं सुटसुटीत लिहायला काहीच हरकत नाही.

मराठीची मदत संपते ती काळापाशी. 'नेता यावं म्हणून बांधतो' आणि 'नेता यावं म्हणून बांधला' यांत आपलं 'यावं' बदलत नाही. लॅटिनमध्ये मात्र मुख्य क्रियापद वर्तमानात गेलं की मागचंही बदलतं: 'फकित उत् त्रादूकत', पण 'फेकित उत् त्रादूकेरेत'. भूतकाळासोबत येणारं रूप ओळखणं सोपं आहे: 'त्रादूकेरे' हे अख्खं धातुरूप घ्या आणि त्याला प्रत्यय जोडा. वर्तमानातलं रूप जास्त फसवं असतं, कारण फरक एका स्वराचा असतो. 'त्रादूकित'चं 'त्रादूकत' होतं, पण 'सेर्वत' (वाचवतो) याचं 'सेर्वेत' होतं. म्हणून धातू कोणत्या गणातला आहे हे ठाऊक नसेल, तर नुसत्या कानावर विसंबू नये.

आता तोडलेला पूल. 'काएसर पोन्तेम रेस्किदित ने हेल्वेतिई त्रान्सीरेन्त.' 'हेल्वेतींनी नदी ओलांडू नये म्हणून सीझरने पूल तोडला.' नकारात्मक हेतूसाठी 'उत्'च्या जागी 'ने' येतो, जसा आपल्याकडे 'नाही' बाजूला राहून 'नये' येतो. 'कोणीही नको' म्हणायचं असेल, तर 'ने क्विस' म्हणतात.

इथे एक जोडी नीट पाहण्यासारखी आहे. 'पोन्तेम रेस्किन्दित ने क्विस त्रान्सेअत' म्हणजे 'कोणी ओलांडू नये म्हणून तो पूल तोडतो.' आणि 'फ्लूमेन ताम लातुम एस्त उत् नेमो त्रान्सेअत' म्हणजे 'नदी इतकी रुंद आहे की कोणीच ती ओलांडत नाही.' 'त्रान्सेअत' दोन्हीकडे तेच आहे, तरी पहिलं वाक्य हेतूचं आणि दुसरं परिणामाचं. हे ओळखायच्या खुणा दोन. एक, नकार 'ने'ने झाला की हेतू. 'उत्' आणि 'नेमो' किंवा 'नोन' असे वेगळे आले की परिणाम. दोन, परिणामाच्या वाक्यात आधी बहुधा 'ताम' म्हणजे 'इतका' असा शब्द असतो. परिणाम हा घडलेला असतो किंवा घडणारा असतो, म्हणून मराठीत त्याला 'की' आणि साधं क्रियापद लावायचं. तिथे 'म्हणून' आणि 'नये' लावलं, तर नदी मुद्दाम रुंद झाली असा अर्थ होईल.

'ने' दिसला की 'नये' लिहायचं, हा नियम एका ठिकाणी मात्र उलटा पडतो. 'तिमेत ने हेल्वेतिई त्रान्सेअन्त' या वाक्यात 'तिमेत' म्हणजे घाबरतो. भाषांतर 'हेल्वेती नदी ओलांडतील अशी त्याला भीती वाटते' असं होतं. मराठीत नकार येतच नाही. मुळात ही दोन वाक्यं शेजारी ठेवल्यासारखी आहेत: 'तो घाबरतो, त्यांनी ओलांडू नये' अशी. म्हणून 'ने'चा अर्थ लावण्याआधी त्याच्या मागचं मुख्य क्रियापद पाहावं. ते तोडणं, बांधणं, पाठवणं अशा कृतीचं असेल तर 'नये म्हणून' चालेल, भीतीचं असेल तर नाही.