मे महिन्यातलं लग्न, मुंबईची हवा आणि साडी

वैशाखातला मुहूर्त ठरला की घरात पहिला वाद साडीवरून होतो. एका बाजूला आई आणि सासूबाई असतात, त्यांच्या मते लग्न म्हणजे रेशीमच. दुसऱ्या बाजूला मागच्या उन्हाळ्यात शालू नेसून घामाने हैराण झालेली कोणीतरी असते, ती म्हणते आता फक्त सुती. दोघींचंही थोडं खरं आहे. पण वाद धाग्यावरून चालतो, आणि लग्नाच्या दिवशी जीव घाबरा करणारी गोष्ट बहुतेक वेळा धागा नसतेच.

आधी हवेचं पाहू. नागपुरात मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो. उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून अंग निवतं. मुंबईत पारा 33-34 च्या आसपासच असतो, पण हवेत आधीच इतका दमटपणा असतो की घाम उडतच नाही. तो अंगावर साचतो, कपड्यात मुरतो आणि तिथेच राहतो. नागपुरात घामाने ओली झालेली जाड सुती साडी वाळ्याच्या पडद्यासारखी गारवा देते. मुंबईत तीच साडी दुपारपर्यंत ओली, जड आणि अंगाला चिकटलेली असते. तेव्हा ‘उन्हाळा आहे, सुती नेसा’ हा सल्ला दादर-पार्ल्यात अर्धाच लागू पडतो. इथे कपड्याने घाम नुसता शोषून भागत नाही, त्यातून वाराही आरपार जायला हवा.

रेशमाला मात्र आपण उगाच बदनाम करतो. रेशमाचा धागा हवेतला ओलावा कापसापेक्षा थोडा जास्तच धरतो. साध्या हवेत कापसाच्या धाग्यात वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असतं, तर रेशमात अकरा टक्के. मग पैठणीत का उकडतं? कारण तिचं विणकाम घट्ट असतं, काठाला आणि पदराला जर असते आणि एकूण वजन बरंच असतं. हातमागावरची भरजरी साडी किलोपर्यंत सहज जाते. जर म्हणजे धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला धागा, त्यातून वारा जाणार कसा? हलक्या रेशमाची, बारीक काठाची साडी मुंबईतही नेसवते. भरगच्च काठपदराची साडी मात्र खरी रेशमी असो वा नसो, दुपारी त्रासच देते.

दुकानात हे ओळखायची एक साधी रीत आहे. साडीचा एकेरी पदर तोंडासमोर ताणून धरायचा आणि त्यातून फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा लागला तर साडी दिवसाच्या लग्नाला चालेल. नाही लागला तर ती संध्याकाळच्या वातानुकूलित स्वागत समारंभासाठी ठेवायची. मलमलीसारखं बारीक सूत, कोटा, महेश्वरी आणि चंदेरी या परीक्षेत उतरतात. महेश्वरीत बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, म्हणून ती दिसते रेशमासारखी आणि अंगावर हलकी बसते. चंदेरीही अशीच, पण तिच्या रेशमी धाग्यावरचा डिंक काढलेला नसतो. त्यामुळे ती छान पारदर्शक दिसते खरी, पण एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर त्या रेषेवर फाटते.

बाजारातला खरा गोंधळ सूत आणि रेशीम यांच्यातला नाहीच, तो आहे पॉलिएस्टरचा. ‘सॉफ्ट सिल्क’, ‘लिची सिल्क’, ‘सेमी पैठणी’ आणि पुष्कळदा ‘कॉटन सिल्क’ या नावांनी जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं पूर्ण किंवा अर्धं पॉलिएस्टर असतं. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ धरतच नाही. घाम आत अडकतो आणि पाठीवरून ओघळत राहतो. ‘रेशीम सोसत नाही’ म्हणणाऱ्या कित्येक बायकांनी प्रत्यक्षात पॉलिएस्टर नेसलेलं असतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

ही फसवणूक टाळता येते. पदराच्या टोकाला गाठी न मारलेल्या दशा असतात. त्यातला एक उभा धागा आणि काठाच्या आतल्या बाजूचा एक आडवा धागा मागून घ्यायचा. दोन्ही वेगवेगळे चिमट्यात धरून जाळायचे, कारण ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असू शकतो. सूत जळताना कागदाचा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ते ज्योतीतून काढलं की विझत जातं आणि उरलेला काळा मणी बोटाने चुरला जातो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याची कडक गोळी होते, ती चुरली जात नाही. जरीचा धागा या कामी घेऊ नये, त्यातून काही कळत नाही. महाग साडी असेल तर ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी मागावी. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ती 2004 पासून दिली जाते. पण ती फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगते. साडी हातमागाची आहे की यंत्रमागाची आणि जर खरी आहे की नाही, हे त्या चिठ्ठीवरून समजत नाही.

आता साडीच्या आत काय असतं ते पाहू, कारण उकाडा तिथेच कोंडतो. परकराचा नेफा, त्यावर साडीचा पहिला वेढा, मग निऱ्या. सहा निऱ्या घातल्या की नुसत्या त्यांचेच बारा थर पोटाशी येतात. त्यावर पदराचा वेढा. एवढ्या थरांखाली साटीनचा किंवा लायक्राचा परकर असेल, तर वरची साडी ढाक्याची मलमल असली तरी काही उपयोग नाही. पॉपलिनचा सुती परकर घ्यावा आणि नाडी रुंद ठेवावी, म्हणजे ती कमरेला कापत नाही. लायक्राच्या परकरात बांधा चांगला दिसतो हे खरं, पण सात-आठ तासांच्या दमट दिवसाला तो योग्य नाही.

ब्लाउजचंही तेच. शिंपीदादा रेशमी ब्लाउजला बहुधा क्रेपचं अस्तर लावतात, आणि ते क्रेप पॉलिएस्टरचं असतं. कापड टाकतानाच ‘अस्तर सुती हवं, आधी धुवून मग लावा’ असं सांगावं. धुतलं नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि ब्लाउज चुरगळल्यासारखा दिसतो. फोमचे कप नकोतच. बगलेत सुती कापडाची छोटी, काढता येण्याजोगी घडी टाचून घेतली तर घामाचा डाग रेशमापर्यंत पोचत नाही. सुती साडीला फॉलही सुतीच लावावा. पॉलिएस्टरचा फॉल आटत नाही, साडी आटते, आणि खालचा काठ गोळा होतो.

माझ्या मावसबहिणीने गेल्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न काढलं, त्याचं गणित सांगते. हॉल दादरचा, मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराचा, हॉल वातानुकूलित पण देवक आणि होम बाजूच्या उघड्या गच्चीवर. वधूची आई म्हणून ती सकाळी सातला साडी नेसणार आणि जेवणाच्या पंगती उठेपर्यंत, म्हणजे चारपर्यंत, उभीच राहणार. तिची आजेसासूबाईंकडून आलेली पैठणी होती, आणि ती नेसायलाच हवी असा घरचा आग्रह. आम्ही दिवसाचे दोन भाग केले. सकाळच्या विधींना गढवाल ठरवली, पैठणी संध्याकाळच्या स्वागत समारंभाला.

गढवाल ही तेलंगणातल्या त्याच नावाच्या गावची साडी. तिचं अंग सुताचं असतं, आणि काठ व पदर रेशमाचे, जरीचे. काठ वेगळ्या धोट्याने विणून अंगाच्या सुताशी मागावरच गुंफतात. लांबून पाहणाऱ्याला काठपदर लग्नाचेच दिसतात, आणि अंगाभोवती मात्र वेढे असतात सुताचे. मुंबईच्या दुपारसाठी मला याहून चांगला तोडगा माहीत नाही. एकच जपायचं: अंगाचं सूत आटतं, काठाचं रेशीम तितकं आटत नाही, म्हणून ती घरी पाण्यात घालू नये. नाहीतर काठाला चुण्या पडतात. खळही अगदी पातळ दिलेली बरी. कडक खळीची साडी सकाळी फुललेली दिसते, पण दमट हवेत खळ पाणी ओढते आणि दुपारपर्यंत साडी ढेपाळून चिकट होते.

देवकाला रेशीमच हवं, असं एका काकूंनी सुचवलं होतं. सोवळ्यात रेशीम चालतं म्हणून तो मान त्याला मिळाला, हे बरोबरच आहे. पण अंतरपाटाशी उभ्या राहणाऱ्या मुलीला मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री पूर्वी पुष्कळ घरांत साधी सुतीच असे. लग्नात सूत अशुभ, ही समजूत त्यामुळे मला पटत नाही. काकूंनाही ती आठवण होती, आणि त्यांनी विषय सोडला.

पैठणी संध्याकाळी नेसली, ती जेमतेम तीन तास. तिचा पदर हातविणीचा, दोन्ही बाजूंनी सारखाच. अशा पदराच्या मागे सुटे धागे लोंबत नाहीत, म्हणून तो खांद्याला बोचतही नाही. यंत्रावरच्या ब्रोकेड पैठणीच्या उलट्या बाजूला धाग्यांची दाट जाळी असते. ती टोचते आणि गरमही करते. तशी साडी घेतलीच तर मागे मलमलीचं अस्तर लावून घ्यावं.

घामाने भिजलेली रेशमी साडी रात्री तशीच घडी घालून कपाटात ठेवली तर तिचं आयुष्य कमी होतं. ओलं रेशीम कमकुवत असतं, घामातल्या क्षारांनी रंग उडतो, आणि तांब्यावर मुलामा दिलेली जर काळवंडते. म्हणून साडी सोडल्यावर जुन्या सुती चादरीवर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवायची, उन्हात नाही. डाग चोळायचा नाही, पाणीही लावायचं नाही, कारण रेशमावर पाण्याचाच वेगळा डाग उमटतो. कमरेचा आणि बगलेचा भाग कुठे ओला झाला होता ते ड्रायक्लीनवाल्याला दाखवून आठवडाभरात साडी देऊन टाकावी. सेंट आणि डिओडरंट साडी नेसण्याआधी लावून पुरते वाळू द्यायचे, जरीवर कधीच मारायचे नाहीत. धुऊन आलेली साडी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मलमलीत बांधायची आणि पावसाळा संपला की एकदा घडी बदलायची.