चार थरांतला एक

उजनी धरणाचं पाणी कुठवर पसरलंय हे पाहायला उपग्रहाचं रंगीत चित्र लागत नाही. डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश पुरतो. पाणी तो जवळजवळ सगळा शोषून घेतं, म्हणून काळं दिसतं. उसाचं हिरवं पीक मात्र उजळ दिसतं.

सेंटिनेल-2 उपग्रहाचे निळा, हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त असे चार पट्टे एकाच फाइलमध्ये रचलेले आहेत, असं समजा. शेवटचा वेगळा काढायला जीडॅल या मोफत साधनाची एक ओळ पुरते:

```
gdal_translate -b 4 ujani.tif nir.tif
```

आकडे तेच राहतात, आणि नकाशावरची जागाही.

फसगत होते ती `4` पाशी. या पट्ट्याचं उपग्रहातलं नाव `B08`, म्हणून अनेकजण सवयीने 8 लिहितात. जीडॅलला नावाशी देणंघेणं नाही. तो फाइलमधला क्रम मोजतो, तोही एकपासून. आठवा थरच नसेल तर तो चूक दाखवून थांबतो, ते बरंच. पण 3 लिहिलंत तर निमूटपणे लाल पट्टा काढून देईल! म्हणून आधी `gdalinfo ujani.tif` चालवून क्रम पाहावा. थरांना नावं दिलेली नसतील, तर निघालेली फाइल उघडून ऊस बघावा. तो काळपट दिसला, तर हाती लाल पट्टा आलाय.

फाइल लहान करायला `-ot Byte` मात्र जोडू नये. 255 च्या वरचा प्रत्येक आकडा 255 होतो आणि शेतं, गावं, माळ सगळं सारखंच पांढरं पडतं.